सात आणि बारा यांच्यामधले मूल



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्यासमोर जून महिन्यात एक जाडजूड दाखलखारीज रजिस्टर उघडे असे, हे माझ्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. मुलाचा हात धरून आलेल्या आईला ते विचारीत, "जन्म कधीचा?" आई सांगे, "पोळ्याच्या आदल्या दिवशीचा," किंवा "धाकट्या दिराच्या लग्नानंतरचा." गुरुजी क्षणभर डोळे मिटून हिशेब करीत आणि एक तारीख लिहीत. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांचा जन्म एक जूनचा होता, याचे आम्हाला तेव्हा मोठे नवल वाटे. त्या रजिस्टराकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे. आजचा माझा विषय वयाचा आहे. मूल कोणत्या वयापासून गुन्ह्याला जबाबदार धरावे, हा तो प्रश्न.

या विषयावर शास्त्रशुद्ध निबंध वाचण्याऐवजी मी आपल्याला एक संभाषण सांगणार आहे. माझी नात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिची आणि तिच्या एका मैत्रिणीची बालन्याय या विषयाची मौखिक परीक्षा होती. मैत्रीण नांदेडची, शिक्षणासाठी इथे हैदराबादेत वसतिगृहात राहणारी. परीक्षेच्या आदल्या रविवारी दोघी काचीगुड्याच्या आमच्या घरी अभ्यासाला बसल्या. त्यांनी आपसांत ठरवले होते की एकीने किमान वय वाढवावे म्हणून बोलायचे आणि दुसरीने ते आहे तेथेच राहावे म्हणून. नातीने पहिली बाजू घेतली, मैत्रिणीने दुसरी. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. पण जन्मभर वकिली केलेल्या माणसाचे कान शेजारच्या खोलीत काही स्वस्थ राहत नाहीत.

सुरुवातीलाच मैत्रिणीने नातीला अडवले. ती म्हणाली, "अगं, तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करते आहेस. अठरा हे किमान वय नव्हे. अठराच्या आतल्या मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, एवढेच त्या आकड्याने ठरते. म्हणजे ते न्यायालय कोणते, याचे वय झाले. किमान वय म्हणजे ज्याच्या खाली कायदा 'गुन्हा' हा शब्दच उच्चारत नाही ते. आपल्याकडे ते सात आहे."

तिचे म्हणणे अचूक होते. वर्तमानपत्रांतील चर्चांतही हीच गल्लत वारंवार होते, म्हणून थोडे थांबून सांगतो. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा केला. सात वर्षांखालील मुलाची कोणतीही कृती अपराध नव्हे, हे त्यात होते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ते ८२ वे कलम झाले. त्याला लागून ८३ वे कलम आले. त्याचा आशय असा: सात वर्षांहून अधिक पण बारा वर्षांहून कमी वयाच्या मुलाने केलेली गोष्ट अपराध नव्हे, जर त्या प्रसंगी आपल्या कृतीचे स्वरूप आणि परिणाम यांचा निर्णय करण्याइतकी त्याची समज पक्व झालेली नसेल. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमांचे क्रमांक २० आणि २१ झाले. सात आणि बारा हे आकडे मात्र तेच राहिले. मेकॉलेच्या मसुद्यावरील शाई वाळून पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली, आणि रेघ जिथे होती तिथेच आहे.

"मग मी यावरच बोट ठेवते," नात म्हणाली. "संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००० सालीच भारताला कळवले होते की सात हे वय फार कमी आहे. २०१९ साली त्याच समितीने सर्व देशांना निदान चौदा हे वय सुचवले. स्कॉटलंडने आपले वय आठावरून बारावर नेले. आपण १९९२ साली बालहक्कांच्या करारात सामील झालो, आणि तरी दुसरीत बसणारे मूल आपल्याकडे कायद्याने अपराधी ठरू शकते."

मैत्रीण म्हणाली, "ठरू शकते, पण ठरत नाही. तुझ्या दुसरीतल्या मुलाला ८३ व्या कलमाची ढाल आहे. समज पक्व नसेल तर ते सुटते. ही लवचीकता चांगली नाही का? सगळी मुले एका दिवशी शहाणी होत नाहीत. सरसकट चौदाची भिंत बांधण्यापेक्षा प्रत्येक मुलाकडे पाहून ठरवणे अधिक न्याय्य आहे. शिवाय परदेशांतल्या समितीने सांगितले म्हणून, हे काही परीक्षकाला पटणारे उत्तर नव्हे."

मला वाटले, नात आता अडली. पण तिने जे उत्तर दिले तेच या विषयाचे मर्म आहे. ती म्हणाली, "ढाल आहे खरी, पण ती मुलाने स्वतः उचलायची आहे. समज पक्व नव्हती, हे सिद्ध करण्याचा भार कोणावर? पुराव्याच्या कायद्याचे जुने १०५ वे कलम काढ, नवे १०८ वे. अपवादाचा लाभ ज्याला हवा, त्याने तो अपवाद दाखवून द्यायचा. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाने 'मला कळत नव्हते' हे मंडळाला पटवून द्यायचे. ज्याला कळत नाही, त्याने आपल्याला कळत नाही हे सिद्ध करायचे!"

मित्रहो, इंग्लंडात जुन्या रूढ कायद्याप्रमाणे याच्या नेमके उलट होते. तिथे दहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वाईट कळत नाही, असेच गृहीत धरले जाई. ते कळत होते हे सरकारपक्षाला सिद्ध करावे लागे. आपल्याकडे कलमाची भाषा त्याच गृहीतकाची आठवण करून देते, पण भार फिरलेला आहे. मुलाच्या वतीने वेगळा साक्षीदार आणलाच पाहिजे असे नाही. घडलेल्या प्रसंगावरूनही न्यायालय अनुमान काढू शकते. पण ते अनुमान कोणत्या दिशेने जाते, हे पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी मैत्रिणीने एक निकाल काढला. ओरिसा उच्च न्यायालयाचा १९५० चा. कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो त्या मुलाच्या नावानेच छापलेला असतो. मी ते नाव घेत नाही. कारण अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास आजच्या बालन्याय कायद्याचे ७४ वे कलम मनाई करते, आणि पंचाहत्तर वर्षे उलटली म्हणून त्यामागचा विचार शिळा होत नाही. मुलाने अकरा वर्षे पुरी केली होती, बारा नव्हती. त्याने चाकू उचलला, समोरच्यावर चालून गेला, तुकडे करीन असे धमकावले आणि खरोखरच वार केला. माणूस मेला. न्यायालयाने म्हटले की त्याच्या वागण्यातून एकच निष्कर्ष निघतो: आपण काय करतो आहोत आणि वाराने काय होईल, हे त्याला ठाऊक होते. खुनाचा दोष कायम झाला. शिक्षेऐवजी मुलाची रवानगी सुधारशाळेत झाली.

मैत्रीण म्हणाली, "आता सांग. या मुलाला कळत नव्हते असे तू म्हणशील? जो गेला त्याच्या घरच्यांना तू काय सांगशील? की गुन्हा घडलाच नाही?"

नात बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "चाकूने माणूस मरतो हे त्याला ठाऊक होते, हे मी मान्य करते. पण ते तर सात वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. न्यायालयाने त्याच्या बोलण्यातून आणि वार करण्यातून समज शोधली. म्हणजे कृतीनेच समज सिद्ध झाली. कृती जितकी भयंकर, तितकी समज पक्व! मग कलमाने सांगितलेली वेगळी चौकशी उरली कुठे? रागाच्या भरात ज्याचा स्वतःवर ताबा राहत नाही, त्या मुलाच्या तोंडचे शब्द हा त्याच्या विवेकाचा पुरावा कसा?"

इथे मला राहवले नाही. मी उठून त्यांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "परीक्षकाने विचारले नाही तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. समजेची चिन्हे म्हणून वकील ज्या गोष्टी पुढे करतात, त्या दुधारी असतात. मूल पळाले, वस्तू लपवली, खोटे बोलले, म्हणजे त्याला गैर कळत होते, असे म्हणतात. पण मार बसेल या भीतीनेही मूल पळते, आणि कप फुटला तरी खोटे बोलते. शिक्षेची भीती आणि कृतीच्या परिणामाचे आकलन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चौकशी करणाऱ्याने ती फट पाहिली नाही, तर तो भीतीलाच समज मानून बसतो."

मैत्रीण हसून म्हणाली, "आजोबा, तुम्ही नातीच्या बाजूने बोलता आहात." मी म्हटले, "बोललो खरा. आता तू तुझा दुसरा मुद्दा मांड, मी मध्ये बोलणार नाही."

तिचा दुसरा मुद्दा व्यवहाराचा होता, आणि तो हलका नव्हता. "वय बारा किंवा चौदा केले," ती म्हणाली, "तर चोऱ्या करवणारे, गांजा पोचवणारे लोक अकरा वर्षांची मुले शोधतील. कायद्याने ज्यांना हात लावता येत नाही अशी हत्यारे तू त्यांच्या हाती देशील."

नात म्हणाली, "हत्यार वापरणाऱ्याला पकडा की! बालन्याय कायद्याचेही ८३ वे कलमच आहे, बघ किती सोपे लक्षात ठेवायला. प्रौढ माणसाने मुलाचा बेकायदा कामासाठी वापर केला, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. शिवाय ज्याला गुन्ह्याची जाण नाही अशा मुलाकडून गुन्हा करवणारा स्वतःच मुख्य गुन्हेगार ठरतो, हे जुनेच तत्त्व आहे. आणि किमान वयाखालच्या मुलाला हातच लावता येत नाही, हे कुणी सांगितले? त्याला बाल कल्याण समितीपुढे नेता येते. समिती घराची चौकशी करते, गरज पडली तर बालगृहात ठेवते, समुपदेशन देते. फक्त त्याच्या नावापुढे 'त्याने अमुक गुन्हा केला' हा निष्कर्ष लिहिला जात नाही."

किमान वय म्हणजे मोकळीक, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. सहा वर्षांच्या मुलाने आज गंभीर इजा केली तरी राज्यसंस्था हात बांधून बसत नाही. वय वाढवण्याचा अर्थ इतकाच की आठ, नऊ, दहा वर्षांच्या मुलाचाही मार्ग मंडळाकडून समितीकडे वळेल.

यानंतर दोघी इंग्लंडच्या त्या प्रसिद्ध खटल्याकडे वळल्या. १९९३ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलजवळ दहा वर्षांच्या दोन मुलांनी दोन वर्षांच्या एका बाळाला बाजारातून नेऊन ठार मारले. नोव्हेंबरात प्रौढांच्या न्यायालयात, ज्यूरीसमोर, खटला चालला. मुलांना समोरचे दिसावे म्हणून आरोपीचा पिंजरा उंच करण्यात आला होता. दोघे दोषी ठरले. देश संतापलेला होता, आणि पुढे १९९८ साली तिथे दहा ते चौदा वयाचे ते जुने गृहीतकच कायद्याने रद्द झाले. मैत्रीण म्हणाली, "पाहा, अनुभवाने तेही माझ्याच बाजूला आले." नात म्हणाली, "आणि १९९९ च्या डिसेंबरात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने काय म्हटले? त्या गर्दीत, त्या दडपणाखाली ती मुले आपल्या खटल्यात खऱ्या अर्थाने भागच घेऊ शकली नाहीत, म्हणून त्यांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही. गुन्हा करताना कळत होते का, हा एक प्रश्न. खटला चालताना काय चालले आहे ते कळत होते का, हा दुसरा. वकिलाला काय सांगावे, कोणता साक्षीदार खोटे बोलतो आहे, हे अकरा वर्षांच्या मुलाने कसे ओळखावे? किमान वय ठरवताना दोन्ही प्रश्न विचारायला हवेत. आपण पहिलाच विचारतो."

एवढ्यात मैत्रिणीने आपल्या शहराचा विषय काढला. तो निघणे अपरिहार्यच होते. २८ मे २०२२ रोजी जुबिली हिल्स भागात एका अल्पवयीन मुलीवर सामूहिक अत्याचार झाला. सहा आरोपींपैकी पाच अठराच्या आतले होते. त्या दिवसांत शहरात एकच वाक्य ऐकू येई: वय खाली आणा. बाल न्याय मंडळाने त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर चौघांना प्रौढ समजून खटला चालवावा असे ठरवले. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाच्या बाबतीतला तो आदेश रद्द केला.

"हे प्रकरण आपल्या विषयाचे नाही," नात म्हणाली, "ते सोळा ते अठरा या वयाचे आहे. तूच मघाशी दोन गोष्टी वेगळ्या कर म्हणालीस."

"वय वेगळे आहे, प्रश्न तोच आहे," मैत्रीण म्हणाली, आणि तिने २०१५ च्या कायद्याचे १५ वे कलम वाचून दाखवले. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर अपराधाचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते: अपराध करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता होती का, परिणाम समजण्याची पात्रता होती का, आणि कोणत्या परिस्थितीत ते घडले. तिने पुस्तक मिटले आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "अगं, हे तर ८३ व्या कलमाचेच शब्द आहेत जवळजवळ. परिणाम समजत होते का? सात ते बारा इथे एकदा विचारले, आणि सोळा ते अठरा इथे पुन्हा. मधल्या बारा ते सोळा या वयात तो प्रश्न कुणीच विचारत नाही."

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. इतक्या वर्षांच्या वकिलीत मीही हे इतक्या स्वच्छपणे पाहिले नव्हते. सोळा वर्षांच्या मुलाची समज तपासताना मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल, तर बाहेरच्या तज्ज्ञाचे साहाय्य घेतलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये एका निकालात बजावले. मुलाची बुद्धी आणि परिणामांची जाण या एक नव्हेत, हेही तिथे स्पष्ट झाले. पण नऊ वर्षांच्या मुलाची समज तपासताना असे तज्ज्ञ-साहाय्य बंधनकारक करणारे एकही वाक्य ८३ व्या कलमात किंवा त्याच्या नव्या अवतारात नाही. थोरल्यासाठी मानसशास्त्रज्ञ, आणि धाकट्यासाठी अनुमान!

आणखी एक विसंगती नातीने दाखवली. २०१५ च्या त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात मूलतत्त्वे सांगितली आहेत. त्यांतले पहिलेच असे की अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या मनात दुष्ट वा गुन्हेगारी हेतू नव्हता, असे गृहीत धरावे. एक कायदा म्हणतो, अठरापर्यंत निर्हेतुक धरा. दुसरा म्हणतो, आठव्या वर्षी आपली असमज सिद्ध करा. "परीक्षकाने विचारले की या दोहोंचा मेळ कसा घालाल, तर?" ती म्हणाली. मैत्रीण म्हणाली, "तर मी सांगेन की बारा वर्षांच्या आत तरी भार सरकारवर टाकावा. एवढे मी तुला देते." इथे त्यांच्या वादातील पहिली गोष्ट मिटली.

तेव्हा मी त्यांना माझी एक गोष्ट सांगितली. तीच आपल्यालाही सांगून मी समारोपाकडे वळतो.

२०१७ च्या ऑगस्टमधील गोष्ट. मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्या एका कुटुंबातील मुलाला चालू बांधकामावरून पितळी तोट्या उचलताना पकडले. मामुली चोरीचे असे प्रकरण पोलीस प्रथम खबर न नोंदवता दैनंदिनीत नोंदवतात आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला देतात. तसे झाले. आई माझ्याकडे आली. मुलगा दिवाळीत जन्मला, आता येत्या दिवाळीला बारा पुरी होतील, असे ती शपथेवर सांगत होती. म्हणजे घटनेच्या दिवशी त्याला अकरा वर्षे आणि नऊ महिने. ८३ व्या कलमाचे दार त्याला उघडे होते.

मंडळापुढे एका सामाजिक कार्यकर्त्या सदस्येने त्याला विचारले, "चोरी म्हणजे काय, ठाऊक आहे?" तो म्हणाला, "दुसऱ्याची वस्तू घेणं." "मग तू तोट्या का घेतल्यास?" तो म्हणाला, "ते घर अजून कुणाचंच नव्हतं. कुणी राहत नव्हतं तिथं." मित्रहो, कलमातील 'त्या प्रसंगी' हे दोन शब्द कशासाठी आहेत, हे मला त्या दिवशी कळले. चोरी वाईट, हे त्याला सर्वसाधारणपणे ठाऊक होते. पण ज्या घरात माणसे राहत नाहीत तेही कुणाचे तरी असते, मालकी ही न दिसणारी गोष्ट असते, हे त्याच्या समजेच्या पलीकडचे होते. तोट्या त्याने पिशवीत लपवल्या होत्या, हे विरुद्ध बाजूने लगेच पुढे आले. मी विचारले, "लपवल्या का?" तो म्हणाला, "मोठी पोरं हिसकावतात."

एवढ्यावर मी ते कलम पुढे करणार होतो. पण वय प्रथम ठरवावे लागते. बालन्याय कायद्याच्या ९४ व्या कलमाप्रमाणे आधी पाहायचा तो शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. या तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच मान्य केले आहे; म्हणजे बाराच्या रेघेवर उभ्या मुलासाठी ती जवळपास निरुपयोगी. पण तिथवर जावेच लागले नाही. गावच्या शाळेतून दाखला आला. त्यात जन्मतारीख होती १ जून २००५. घटनेच्या दिवशी वय बारा वर्षे दोन महिने. दार बंद झाले.

त्या शिक्षकांनी लबाडी केली नव्हती. पहिलीच्या प्रवेशाला वय पुरे व्हावे, मुलाचे वर्ष फुकट जाऊ नये, म्हणून त्यांनी दिवाळीचा जन्म जूनवर आणला. ती माया होती. पण सहा वर्षांनी त्याच पाच महिन्यांनी मुलाला ८३ व्या कलमाबाहेर काढले. आईच्या शब्दाला आधार देणारा दुसरा कागद माझ्याजवळ नव्हता. अप्रामाणिक हेतूच नव्हता, असा युक्तिवाद मी केला; मंडळाला तो पटला नाही. समज देऊन मुलाला घरी पाठवले. कायद्याने हे सौम्यातले सौम्य, आणि अशा निष्कर्षामुळे पुढे कसलीही अपात्रता चिकटत नाही, असेही कायदा सांगतो. पण चौकशी पाच महिने चालली. तारखांमुळे शाळा बुडाली, आणि मुलगा पुन्हा शाळेत गेला नाही. तोट्या विकत घेणारा कोण, हे मात्र कुणी विचारले नाही.

गोष्ट संपल्यावर मैत्रीण म्हणाली, "आजोबा, ही गोष्ट माझ्या विरुद्ध आहे, पण तुमच्या नातीच्याही विरुद्ध आहे. रेघ बारावर आणली, तरी हा मुलगा बाहेरच राहिला असता." तिचे खरे होते. रेघ कुठेही ओढली तरी तिच्या पलीकडे दोन महिन्यांवर कुणीतरी उभे असतेच. म्हणून माझे मत विचाराल तर ते असे आहे. किमान वय बारा व्हावे. आणि बारा ते सोळा या आज मुक्या असलेल्या वयात समजेचा प्रश्न विचारला जावा, त्याचा भार सरकारवर असावा, आणि तो तज्ज्ञाच्या मदतीने तपासला जावा. मग रेघेच्या पलीकडे दोन महिन्यांवर उभ्या मुलालाही कुणीतरी विचारील, की ते घर कुणाचे होते असे तुला वाटले? ओरिसाच्या त्या प्रकरणातील मृताच्या घरच्यांना यातून समाधान मिळणार नाही, हे मी जाणतो. त्यांच्या दुःखाची दखल घेणे, त्यांना मदत देणे, हे राज्याचे कर्तव्य आहे. पण ते अकरा वर्षांच्या मुलाच्या दोषनिश्चितीतून पुरे होते, असे मला वाटत नाही. मैत्रीण शेवटपर्यंत याच्याशी सहमत झाली नाही. बारा वर्षांच्या आतही अपवादात्मक प्रकरणात मंडळाला निष्कर्ष काढता आला पाहिजे, असे ती अखेरपर्यंत म्हणत राहिली, आणि तिचे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे.

आता गुरुजींचे ते रजिस्टर. आजही कुठे आईजवळ कागद नसतो, आणि लेखणी धरणाऱ्याला तारीख लिहावी लागते. गुरुजी एक गोष्ट करीत, ती मला फार उशिरा कळली. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या दाखल्यासाठी मी या शाळेत आलो, तेव्हा जुने रजिस्टर पाहिले. माझ्या नावासमोर १ जून आहेच. पण शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिले आहे: "आईच्या सांगण्यावरून, नागपंचमीचा जन्म." आपल्या लेखणीने पडलेली तारीख अंदाजाची आहे, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले होते. त्या बांधकामावरच्या मुलाच्या रजिस्टरात असा एक शेरा असता, तर मला मंडळापुढे एक कागद ठेवता आला असता.

दोघी मुली मौखिक परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. परीक्षकांनी किमान वयाचा प्रश्न विचारलाच नाही, असे त्यांनी मला नंतर सांगितले. म्हणून तो मी आज आपल्यासमोर ठेवला.